ऑर्डर पाठवण्याआधीची मर्यादा-तपासणी: लटकलेल्या ऑर्डरी कशा धरायच्या?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. घरच्या खात्यासाठी ब्रोकरच्या एपीआयवर चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. ऑर्डर जाण्याआधी ती दोन गोष्टी बघते. खरेदीनंतर कोणताही एक शेअर पोर्टफोलिओच्या १० टक्क्यांवर जाणार नाही ना, आणि कोणतंही एक क्षेत्र २५ टक्क्यांवर जाणार नाही ना. जाणार असेल तर ऑर्डर अडवायची आणि कारण लिहून ठेवायचं.

आकडे गोल करून सांगतो. एकूण १० लाख, त्यात ८ लाखांचे शेअर आणि २ लाख रोकड. बँकांचे शेअर १,९०,००० रुपयांचे. म्हणजे क्षेत्राची मर्यादा अडीच लाख आणि जागा उरली ६०,०००.

आता सकाळी तीन वेगवेगळ्या बँकांच्या लिमिट ऑर्डरी टाकायच्या आहेत, प्रत्येकी ३०,००० रुपयांच्या. पहिली तपासली तर १,९०,००० अधिक ३०,०००, म्हणजे २२ टक्के, पास. ती बाजारभावाच्या खाली असल्यामुळे लगेच भरत नाही. दुसरी तपासली तर होल्डिंगमध्ये अजून १,९०,०००च दिसतात, पुन्हा २२ टक्के, पास. तिसरीही तशीच पास. दुपारी बाजार खाली आला आणि तिन्ही भरल्या, तर बँका २,८०,०००, म्हणजे २८ टक्के. एकाही ऑर्डरने नियम मोडला नाही, पण मर्यादा ओलांडली गेली.

लटकलेल्या ऑर्डरी मोजायला हव्यात हे उघड आहे. पण नेमक्या कशा? पूर्ण धरायच्या, अर्ध्या धरायच्या, विक्रीच्या वजा करायच्या का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.

परळीकर

भाऊ, हे एक्सचेंज स्वतःच करतं की. एखाद्या शेअरमध्ये ९५ टक्के झालं की तो बॅन यादीत जातो आणि नवीन पोझिशन घेता येत नाही. तुम्ही वेगळं कशाला लिहिता?

गोदाकाठ (नांदेड)

परळीकर, ते वायद्यांचं आहे. सगळ्या बाजाराचा मिळून ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटवलेले वायदे, त्या शेअरच्या ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेला की बंदी लागते. माझ्या खात्यात एकाच शेअरचे १० लाख पडले तरी एक्सचेंजला त्याचं काही देणंघेणं नाही. ब्रोकरही मार्जिन पुरतंय का एवढंच बघतो. पोर्टफोलिओचा किती हिस्सा कुठे, हे आपलं आपणच बघायचं.

सीए_कैलास (संभाजीनगर)

सोपं आहे. प्रत्येक शेअरसाठी लटकलेली खरेदी वजा लटकलेली विक्री काढा आणि ते निव्वळ होल्डिंगमध्ये मिळवा. भागाकारात रोकड घेऊ नका. रोकड म्हणजे गुंतवणूक नव्हे, हिस्सा शेअरांमधलाच काढायचा.

दुधना (जालना, सध्या पुणे)

कैलास सर, पहिल्या भागातलं अर्धं बरोबर आहे. खरेदीची लटकलेली ऑर्डर पूर्ण धरायची, भरलीच आहे असं समजून. विक्रीची मात्र भरल्याशिवाय वजा करायची नाही. समजा एका बँकेचे ५०,००० विकायला लावले आहेत, भाव वरचा टाकलाय. निव्वळ काढलं तर तपासणीला वाटतं ५०,००० ची जागा मोकळी झाली, आणि ती तेवढीच नवी खरेदी सोडते. बाजार खाली गेला की खरेदी भरते आणि विक्री तशीच लटकून राहते. एकाच क्षेत्रातल्या ऑर्डरींचं हे नेहमीचं वागणं आहे, कारण ज्या घसरणीत खरेदी भरते त्याच घसरणीत विक्री भरत नाही.

मी ब्रोकिंगच्या जोखीम विभागासाठी असलंच सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अर्धवट भरलेल्या ऑर्डरीत दुहेरी मोजणी होते. ६० शेअरची ऑर्डर, त्यातले २५ भरले. ते २५ पोझिशनमध्ये आले. ऑर्डरबुकातून तुम्ही मूळ ६० उचललेत तर एकूण ८५ झाले. तिथून फक्त शिल्लक संख्या उचलायची, ३५.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ऑर्डरबुक आणि पोझिशन या दोन वेगळ्या विनंत्या आहेत, दोन्हींची उत्तरं एकाच क्षणाची नसतात. तुम्ही आधी पोझिशन वाचली, मग ऑर्डरबुक वाचलं, आणि मधल्या क्षणात ऑर्डर भरली, तर काय होतं? पोझिशन वाचली तेव्हा ती भरलेली नव्हती, म्हणून तिथे नाही. ऑर्डरबुक वाचलं तेव्हा ती पूर्ण झाली होती, म्हणून शिल्लक शून्य. ३०,००० रुपये दोन्हीकडून गायब, आणि तपासणी पुढची ऑर्डर बिनदिक्कत सोडते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी ऑर्डरबुक आणि मग पोझिशन, तर तीच ऑर्डर दोनदा मोजली जाते. तेव्हा फार तर एखादी चांगली ऑर्डर अडते, पुढच्या फेरीत आकडा जुळतो आणि ती जाते. चूक होणारच असेल तर ती अडवण्याच्या बाजूने व्हावी, म्हणून क्रम हाच ठेवायचा.

तिसरं, पाठवलेली पण पोच न मिळालेली ऑर्डर. विनंती गेली, नेट अडकलं, उत्तर आलं नाही. ऑर्डर एक्सचेंजला पोचली की नाही हे तुम्हाला माहीत नाही. अशी रक्कम पाठवायच्या आधीच स्वतःच्या वहीत राखून ठेवायची. तिच्यावर आपली खूण टाकायची आणि ती ऑर्डरबुकात दिसली की वहीतून काढायची. उत्तर आलं नाही म्हणून लगेच मोकळी करू नका, आणि तीच ऑर्डर पुन्हा तर अजिबात पाठवू नका.

गोदाकाठ (नांदेड)

दुधना, वाचण्याच्या क्रमाचं माझ्या डोक्यात आलंच नसतं. मग माझ्या उदाहरणात पहिल्या दोन ऑर्डरी जातील, १,९०,००० अधिक ६०,००० म्हणजे बरोबर अडीच लाख, आणि तिसरी अडेल. पटलं. आणि जीटीटीचं काय? ठरलेला भाव आला की आपोआप जाणाऱ्या त्या ऑर्डरी मी बऱ्याच लावून ठेवतो.

दुधना (जालना, सध्या पुणे)

जीटीटी हीच मोठी फट आहे. ती ट्रिगर होईपर्यंत नेहमीच्या ऑर्डरबुकात दिसत नाही, तिची यादी वेगळी मागावी लागते. आणि ट्रिगर होते तेव्हा ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवरून जाते. तुमची स्क्रिप्ट त्या वाटेत नाहीच, त्यामुळे तपासणीचा प्रश्नच येत नाही. म्हणून जीटीटी लावतानाच तपासायची आणि तिची रक्कम राखून ठेवायची.

याची किंमत अशी की वर्षभर न भरणाऱ्या जीटीटीसुद्धा जागा अडवून बसतात. मी स्वतः खरेदीच्या जीटीटी वापरत नाही, स्क्रिप्टच भावावर लक्ष ठेवते. पण मग मशीन चालू हवं आणि वीज हवी.

गोदाकाठ (नांदेड)

विजेचंच अवघड आहे इकडे. जीटीटी त्यासाठीच लावतो ना.

मंदाताई (अंबाजोगाई)

मी निवृत्त शिक्षिका, मला हे प्रोग्रामिंगचं काही कळत नाही, पण विषय आमच्या घरचा वाटला म्हणून विचारते. आमच्या ह्यांनी फार पूर्वी घेतलेले एका सरकारी बँकेचे शेअर आहेत, ते वाढून वाढून आता सगळ्या शेअरांच्या निम्म्याहून जास्त झालेत. मुलगा म्हणतो असली मर्यादा लावू. मग आमचं तर खातंच अडकेल ना? विकायला गेलं तरी ते १० टक्क्यांच्या वरच राहणार. म्हणजे विकूही देणार नाही?

दुधना (जालना, सध्या पुणे)

मंदाताई, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि पुष्कळ तपासण्या याच ठिकाणी चुकतात. ‘ऑर्डरीनंतर हिस्सा मर्यादेच्या वर आहे का’ एवढंच विचारलं तर तुमची विक्री अडेल. ५५ टक्क्यांवरून ५० वर आणणारी विक्रीसुद्धा अडेल, कारण ५० हे १० पेक्षा जास्तच. म्हणून दोन अटी एकत्र हव्यात: ऑर्डरीनंतर हिस्सा मर्यादेच्या वर आहे, आणि ही ऑर्डर तो हिस्सा वाढवते आहे. दोन्ही खऱ्या असतील तरच अडवायचं. तुमची विक्री जाईल, दुसऱ्या कंपनीची खरेदी जाईल, फक्त त्याच बँकेची नवी खरेदी अडेल.

ऑर्डर न टाकताही मर्यादा ओलांडली जाते, भाव वाढून किंवा कंपन्या एकत्र होऊन. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली. ज्यांच्याकडे दोन्ही होते त्यांचे दोन हिस्से एका दिवसात एक झाले. म्युच्युअल फंडांना एका कंपनीच्या शेअरमध्ये योजनेच्या १० टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही, इंडेक्स आणि क्षेत्रीय योजना सोडून. तर दोन्ही शेअर भरपूर असलेल्या योजनांपुढे हा प्रश्न कोणतीही खरेदी न करता उभा राहिला. ऑर्डरीआधीची तपासणी अशा वेळी काहीच करू शकत नाही. तिच्या जोडीला रोज बाजार बंद झाल्यावर एक वेगळी यादी काढायची, कोणता हिस्सा मर्यादेबाहेर गेलाय त्याची.

मंदाताई (अंबाजोगाई)

मुलाला तसंच सांगते. कर किती बसेल ते बघून थोडे थोडे विकायचं म्हणतो आहे तो.

सीए_कैलास (संभाजीनगर)

विक्री वजा न करण्याचं मान्य. पण भागाकारावर मी ठाम आहे. गोदाकाठ, तुमच्याकडे एखादा शेअर ८५,००० चा आहे समजा आणि ५०० रुपयांच्या भावाने ४० घ्यायचे आहेत, म्हणजे २०,००० चे. रोकड धरून १,०५,००० भागिले १० लाख, साडेदहा टक्के. रोकड सोडून १,०५,००० भागिले ८,२०,०००, जवळपास पावणेतेरा टक्के. रोकड धरली तर ३० शेअरपर्यंत जागा दिसते. रोकड सोडली तर आजच तो साडेदहाच्या वर आहे, एकही घेता येत नाही. खरी जोखीम दुसरा आकडा सांगतो.

दुधना (जालना, सध्या पुणे)

सर, रोकड सोडली की एक विचित्र गोष्ट होते. खातं नवीन असताना पहिलीच खरेदी १०० टक्के होते, म्हणजे तपासणी सुरुवातच करू देत नाही. आणि मंदाताईंनी दुसरा कोणताही शेअर विकला की भाजक कमी होतो आणि त्यांच्या बँकेचा हिस्सा आपोआप वाढतो. रोकड धरली तर विक्रीने एकूण बदलत नाही, आकडे स्थिर राहतात. माझं मत रोकड धरावी.

सोयाबीन_अडत (लातूर)

दोघंबी थांबा. मी अडतवाला माणूस, मोंढ्यात बसून हे वाचायलोय. रोकड कोणती ते विचारा की आधी. आमच्या खात्यात मे महिन्यात दोन लाख दिसतात, त्यातले सव्वा लाख जूनमध्ये बियाणं-खताला जातात. ते पैसे शेअरचे नाहीतच, नुसते तिथे ठेवलेत. गोदाकाठ, तुमच्या घरी शेती असेल तर तुमचेबी तसेच असणार.

गोदाकाठ (नांदेड)

अडत भाऊ, बरोबर पकडलंत. त्या २ लाखांतले १,२०,००० पेरणीचेच आहेत. ते वगळले तर आधार १० लाखांवरून ८,८०,००० वर येतो आणि बँकांची मर्यादा अडीच लाखांवरून २,२०,००० वर. मग तिन्हीपैकी फक्त पहिली ऑर्डर जाते, तीही बरोबर काठावर. पैसे काढल्यावर आकडे बदलतील ते बदलतील, पण पेरणीचा पैसा धरून मे महिन्यात दोन ऑर्डरी सोडणं चूकच. तर रोकड धरतो, पण ‘राखीव’ म्हणून एक रक्कम हाताने लिहून ती आधी वजा करतो.

सीए_कैलास (संभाजीनगर)

हे चालेल. तरी माझ्या अशिलांसाठी मी शेअरांवरच हिस्सा काढत राहणार.

सोयाबीन_अडत (लातूर)

आता माझं सांगतो. माझ्याकडे साखर कारखान्याचे शेअर आहेत, खताच्या कंपनीचे आहेत, ट्रॅक्टरवाल्या कंपनीचे आहेत, ठिबकवाल्याचेबी आहेत. पुतण्यानं एनएसईच्या वर्गवारीनं क्षेत्रं लावून दिली. साखर गेली रोजच्या वापराच्या मालात, खत गेलं रसायनांत, ट्रॅक्टर गेला वाहनांत. कागदावर कोणतंच क्षेत्र १५ टक्क्यांच्या वर नाही. पण पाऊस नाही आला तर सगळेच बसतात, आणि माझी अडतबी बसते. २०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मोंढ्यात काय आवक असणार? मग ही क्षेत्राची मर्यादा माझ्या काय कामाची?

दुधना (जालना, सध्या पुणे)

अडत भाऊ, वर्गवारी कंपनीचा मुख्य धंदा बघून केलेली असते. त्या धंद्याला काय मारतं हे ती सांगत नाही. रिलायन्स तेल-वायूत मोडते, पण दूरसंचार आणि किरकोळ विक्री त्याच शेअरात आहे.

करता येण्यासारखं हे की एक शेअर एकाहून जास्त गटांत ठेवायचा. ट्रॅक्टरवाली कंपनी ‘वाहन’ गटात राहील आणि तुमच्या स्वतःच्या ‘पाऊस’ गटातही. प्रत्येक गटाला स्वतःची मर्यादा, आणि ऑर्डर सगळ्या गटांत पास झाली तरच जाईल. तुमची कमाईच पावसावर आहे म्हणून ‘पाऊस’ गटाला २५ नाही, त्याहून पुष्कळ कमी ठेवा.

सोयाबीन_अडत (लातूर)

ती कंपनी शहरात मोठ्या गाड्याबी विकते. मग पूर्ण रक्कम पावसात धरायची का अर्धी?

दुधना (जालना, सध्या पुणे)

मी पूर्ण धरेन. अर्धी धरली की दर तिमाहीला तो आकडा कोणीतरी सुधारत बसायला हवा, आणि तो सुधारला जात नाही.

गोदाकाठ (नांदेड)

मला ते पटत नाही. पूर्ण धरली तर त्या गटात खरंच पावसावर जगणाऱ्या कंपनीला जागाच उरणार नाही. असो, आतापर्यंतचं लिहून काढलं ते असं:

```python
def can_buy(o, base):
    pend = pending_buys()            # आधी ऑर्डरबुक आणि जीटीटी
    held = holdings_and_positions()  # मग हातातलं
    for b in buckets(o.isin):        # शेअर, क्षेत्र, पाऊस
        after = held[b] + pend[b] + unconfirmed[b] + o.qty * o.price
        if after > cap[b] * base:
            return False, b
    return True, None
```

`base` म्हणजे शेअर अधिक रोकड वजा राखीव. यादीत नसलेला शेअर आला तर `buckets` तिथेच थांबतं, ‘इतर’मध्ये टाकत नाही. विक्री या फंक्शनकडे येतच नाही.

दुधना (जालना, सध्या पुणे)

चांगलं आहे. ओळख आयएसआयएनवर, म्हणजे शेअरच्या ठरलेल्या ओळख-क्रमांकावर ठेवली हेही बरं, एनएसईवर घेतलेला आणि बीएसईवर घेतलेला तोच शेअर एकत्र मोजला जातो. फक्त शेअरचं विभाजन झालं की आयएसआयएन बदलतो, तेव्हा यादी ताजी करा. तोवर ऑर्डर अडेल, आणि ते ठीकच आहे. झोमॅटोचं नाव २०२५ मध्ये इटर्नल झालं, सिम्बॉलही बदललं. सिम्बॉलवर यादी ठेवणाऱ्यांचा तो शेअर अनोळखी झाला.

बाजारभावाची ऑर्डर असेल तर `o.price` मध्ये शेवटचा भाव टाकू नका, थोडा वरचा टाका. आणि स्क्रिप्टच्या दोन प्रती एकाच वेळी चालत असतील तर तपासणी आणि राखून ठेवणं हे एकाच कुलपाखाली व्हायला हवं, नाहीतर दोघी एकच जागा बघून दोन ऑर्डरी सोडतील.

सीए_कैलास (संभाजीनगर)

एक माझ्याकडूनही, कारण हे मी हिशेब करताना पाहिलंय. बोनसच्या दिवसांत हा आकडा खोटा बोलतो. रिलायन्सने २८ ऑक्टोबर २०२४ च्या रेकॉर्ड डेटला एकास एक बोनस दिला. एक्स-बोनसच्या दिवशी भाव निम्मा होतो, पण बोनसचे शेअर खात्यात नंतर येतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेबीने रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ते विकता येतील अशी व्यवस्था केली. पूर्वी याहून जास्त थांबावं लागायचं. मधल्या दिवसांत तुमच्याकडचा ९ टक्क्यांचा हिस्सा साडेचार दिसतो. तपासणीला वाटतं भरपूर जागा आहे. ४ टक्क्यांची खरेदी ती खुशाल सोडेल आणि बोनस जमा झाला की तुम्ही १३ वर.

गोदाकाठ (नांदेड)

हे भयंकर आहे, कारण त्याच दिवसांत भाव ‘स्वस्त’ दिसतो म्हणून खरेदीचा मोहही होतो. कसं ओळखायचं?

सीए_कैलास (संभाजीनगर)

काही ब्रोकर येणारे शेअर आधीच दाखवतात, काही नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. एक्सचेंजच्या कॉर्पोरेट अॅक्शनच्या यादीतून एक्स-डेट घ्या. त्या तारखेपासून शेअर जमा होईपर्यंत त्या कंपनीची खरेदी सरळ बंद.

दुधना (जालना, सध्या पुणे)

किंवा संख्या गुणोत्तराने वाढवून धरा. पण ब्रोकरनेही आधीच वाढवलेली असेल तर दुप्पट होईल. सरांचा उपाय जास्त सुरक्षित आहे. तारण ठेवलेले शेअरही तपासून घ्या, ते बऱ्याचदा वेगळ्या रकान्यात येतात आणि होल्डिंगच्या बेरजेतून सुटतात.

परळीकर

आता कळलं कशाबद्दल चाललंय ते. मग माझं एक. माझ्याकडे बँकांचा ईटीएफ आहे, आणि निफ्टीचाही. ते कोणत्या क्षेत्रात?

दुधना (जालना, सध्या पुणे)

बँकांचा ईटीएफ सरळ बँकांमध्ये. निफ्टीच्या ईटीएफचा साधारण एक तृतीयांश वित्तीय सेवांत असतो, तेवढा तिकडे धरायला हवा. लाखाचा निफ्टी ईटीएफ असेल तर तेहतीस हजारांच्या आसपास.

सीए_कैलास (संभाजीनगर)

नको. निफ्टी ईटीएफ हाच मुळात विखुरलेला आहे, तो फोडून पुन्हा क्षेत्रांत वाटला तर साध्या माणसाची खरेदी विनाकारण अडेल. त्याला स्वतःचा गट द्या, मर्यादा मोठी ठेवा.

गोदाकाठ (नांदेड)

माझ्याकडे निफ्टी ईटीएफ दीड लाखाचा आहे. दुधनांच्या पद्धतीने त्यातले ५०,००० बँकांच्या बाजूला गेले तर बँका २,४०,००० होतात. पेरणीचा पैसा वगळून मर्यादा २,२०,००० आहे. म्हणजे एकही ऑर्डर जाणार नाही. कैलास सरांच्या पद्धतीने एक जाते. सध्या दोन्ही आकडे लॉगमध्ये लिहायला लावलेत आणि अडवण्यासाठी दुधनांचा वापरतोय. मात्र ‘वित्तीय सेवा’ आणि ‘बँका’ एकच धरायच्या का, विमा आणि एनबीएफसी वेगळ्या काढायच्या, यावर अजून कोणाचं मत असेल तर लिहा. जीटीटीतल्या बँकांच्या ऑर्डरी आज रात्री काढून टाकतोय.